ब्लीचच्या उरलेल्या पाण्यात व्हिनेगर?

"टाय-डायचं ब्लीचचं पाणी उरलंय, व्हिनेगर टाकून न्यूट्रल करून कुंडीत ओतू का?"

अजिबात नको! ब्लीचमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन गॅस सुटतो, बंद बाथरूममध्ये डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि ॲसिडवाल्या टॉयलेट क्लीनरनेही तेच होतं. ब्लीचचा जोर मोडतो तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, तोच जो फिशटँकवाले क्लोरीन काढायला वापरतात, पण तो कपड्यासाठी, बादलीतल्या पाण्याला साधं पाणी पुरतं. मगभर उरलं असेल तर भरपूर पाणी घालून पातळ करायचं, ड्रेनेजला जोडलेल्या मोरीत नळ चालू ठेवून हळूहळू सोडायचं, उघड्या गटारात नाही. कुंडीत तर नकोच, क्लोरीन उडालं तरी मीठ मातीत राहतं आणि पानांच्या कडा करपतात. आमची मांजर बादलीत तोंड घालते, म्हणून झाकण आधी!