विवर्तन जालक : तिरकस आपात आणि कमाल क्रम

समांतर, समान अंतरावरच्या बारीक रेषांनी बनलेल्या जालकावर (ग्रेटिंगवर) प्रकाश लंब दिशेने न येता एखाद्या कोनातून आला, तर विवर्तित प्रकाशाच्या दिशा बदलतात आणि दिसू शकणाऱ्या क्रमांची मर्यादाही बदलते. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या प्रयोगशाळेत सोडियम दिवा आणि स्पेक्ट्रोमीटर वापरून केला जाणारा ग्रेटिंगचा प्रयोग साधारणतः लंब आपाताचा असतो. लंब आपात ही तिरकस आपाताचीच एक विशेष स्थिती असल्यामुळे हा प्रयोग नीट समजायलाही व्यापक समीकरणच लागते.

लगतच्या दोन फटींमधले अंतर d मानू. आपाती किरण लंबाशी i कोन करत असतील, तर दोन फटींपर्यंत पोचतानाच त्यांच्यात d sin i इतका पथफरक पडलेला असतो. पलीकडे θ कोनात बाहेर पडताना त्यात d sin θ ची भर पडते. एकूण पथफरक λ या तरंगलांबीच्या पूर्ण पटीत, म्हणजे क्रम m इतक्या पटीत, असला की सर्व फटींचा प्रकाश एकमेकांना साथ देतो :

d (sin i + sin θ) = mλ

विवर्तित किरण लंबाच्या ज्या बाजूने आपाती किरण आला त्याच बाजूला असेल, तर येथे θ धन धरला आहे. पलीकडच्या बाजूला असेल तर ऋण. m = 0 घातले की θ = −i मिळतो, म्हणजे शून्य क्रमाचा प्रकाश न वळता सरळ पार जातो. काही पुस्तकांत दोन पदांमध्ये वजाचे चिन्ह असते. तो केवळ कोन मोजण्याच्या रीतीतला फरक आहे. हाती असलेल्या सूत्रात m = 0 घालून सरळ जाणारा किरण मिळतो का, एवढे पाहिले तरी चिन्हांचा घोळ टळतो.

sin θ चे मूल्य −1 आणि +1 यांच्या बाहेर जाऊ शकत नाही. त्यामुळे एका बाजूचा सर्वांत मोठा क्रम d(1 + sin i)/λ या संख्येतला पूर्णांक, तर दुसऱ्या बाजूचा d(1 − sin i)/λ या संख्येतला पूर्णांक. जालक तिरके केल्याने अधिक क्रम दिसतात हे विधान म्हणूनच अर्धेच खरे आहे. m ला उपलब्ध असलेल्या पट्ट्याची लांबी 2d/λ इतकीच राहते. i बदलल्यावर तो पट्टा फक्त एका बाजूला सरकतो. एका बाजूला जे मिळते ते दुसऱ्या बाजूने गमावलेले असते.

प्रयोगशाळेत सर्रास आढळणारे, इंचाला 15,000 रेषांचे जालक घेऊ. त्याचा d सुमारे 1693 नॅनोमीटर. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची सरासरी तरंगलांबी 589.3 नॅनोमीटर, म्हणून d/λ = 2.87. लंब आपातात दोन्ही बाजूंना पहिला क्रम 20.4° वर आणि दुसरा 44.1° वर दिसतो. तिसरा शक्यच नाही. आता i = 30° करू. कमाल क्रम एका बाजूला 2.87 × 1.5 = 4.31, म्हणजे चौथा. दुसऱ्या बाजूला 2.87 × 0.5 = 1.44, म्हणजे फक्त पहिला. समीकरणातून पहिल्या चार क्रमांचे θ अनुक्रमे −8.7°, 11.3°, 33.0° आणि 63.1° येतात, तर दुसऱ्या बाजूचा पहिला क्रम −58.0° वर असतो. शून्य क्रम धरून लंब आपातात पाच क्रम होते, आता सहा झाले. 2d/λ = 5.75 असल्याने या जालकाला, कसेही वळवले तरी, एका वेळी पाच किंवा सहा यांपेक्षा वेगळी संख्या देताच येत नाही.

एका बाजूचा क्रम मात्र आणखी वाढवता येतो. sin i ला 1 ची मर्यादा असल्याने त्याची कमाल 2d/λ पेक्षा कमीच राहते, म्हणून येथे पाचव्याच्या पुढे जाता येणार नाही. पाचवा दिसण्यासाठी i सुमारे 48° च्या वर न्यावा लागतो. उलट तिसऱ्या क्रमासाठी केवळ सुमारे 2.5° चा कल पुरतो, पण तेव्हा तो जालकाच्या पृष्ठालगत, 90° च्या जवळ निघतो. त्या दिशेने पाहताना जालकाची दिसणारी रुंदी cos θ च्या प्रमाणात आकसते, प्रकाश मंद होतो आणि जालकाची धातूची चौकट आड येते. कल 5° केला तर हाच क्रम 73° वर येतो आणि दुर्बिणीने शोधणे सोपे जाते. सूत्रातून मिळणारा कमाल क्रम ही वरची मर्यादा आहे, दिसण्याची हमी नव्हे. फटीची रुंदी बरोबर d/2 असेल तर शून्य क्रम सोडून बाकी सम क्रमांची तीव्रता शून्य होते आणि ते कोणत्याही i ला दिसत नाहीत.

लंब आपाताच्या प्रयोगातली नेहमीची चूकही याच समीकरणाने उलगडते. तिथे दुर्बीण सरळ रेषेपासून 90° वळवतात, जालकावरून परावर्तित झालेली स्पेक्ट्रोमीटरच्या फटीची प्रतिमा उभ्या तारेवर येईपर्यंत टेबल फिरवतात आणि मग टेबल नेमके 45° फिरवून जालक लंब करतात. यात 2° चूक राहिली असे समजू. पहिल्या क्रमाची दोन बाजूंची विचलने 20.25° आणि 20.51° येतील, हा फरक घाईत नजरेतून सुटू शकतो. दुसऱ्या क्रमात मात्र ती 43.4° आणि 45.0° येतात. म्हणून जालक लंब आहे का, हे दुसऱ्या क्रमावर तपासावे. एकाच बाजूचे वाचन घेऊन लंब आपाताचे सूत्र लावले तर तरंगलांबी सुमारे 582 किंवा 598 नॅनोमीटर येते. दोन्ही बाजूंची सरासरी घेतल्यास ती 590 च्या आसपास येते. दोन्हीकडची वाचने घ्यायला सांगतात त्यामागचे हे एक ठोस कारण आहे.

तिरकस आपाताचा सर्वांत उपयोगी प्रकार म्हणजे किमान विचलनाची स्थिती. i आणि θ समान झाले की i + θ हे विचलन, म्हणजे δ, सर्वांत कमी होते आणि समीकरण 2d sin(δ/2) = mλ असे साधे बनते. टेबल हळूहळू फिरवताना रेषा दृष्टिक्षेत्रात सरकत जाते, एका जागी थबकते आणि मागे फिरते. ती थबकण्याची जागा म्हणजे δ. त्या जागी टेबलाच्या कोनातली लहान चूक विचलनात जवळजवळ उतरत नाही, आणि i स्वतंत्रपणे मोजावाही लागत नाही. वरच्या जालकाचा तिसरा क्रम, जो लंब आपातात मिळतच नाही, या रीतीने i = 31.5° ला, 62.9° विचलनावर मोजता येतो.

उंच क्रमांवर निरनिराळ्या रंगांचे क्रम एकमेकांवर चढतात. 400 नॅनोमीटरचा तिसरा क्रम आणि 600 नॅनोमीटरचा दुसरा क्रम यांचा mλ सारखाच, म्हणून ते एकाच दिशेला पडतात; जालक कितीही तिरके केले तरी ते वेगळे होत नाहीत, त्यासाठी गाळणी लावावी लागते.

फार दाट रेषांच्या जालकात तिरकस आपात अपरिहार्यच ठरतो. मिलिमीटरला 2400 रेषा असतील तर d सुमारे 417 नॅनोमीटर होतो, म्हणजे हीलियम-निऑन लेसरच्या 632.8 नॅनोमीटर तरंगलांबीपेक्षा कमी. लंब आपातात या लेसरचा पहिला क्रमसुद्धा निघत नाही. i सुमारे 31° ओलांडल्यावर तो एकाच बाजूला उमटतो. d जर λ/2 पेक्षाही लहान असेल, तर कोणत्याही कोनात फक्त शून्य क्रम उरतो.