रेषा खाली, तरीही क्षपण: मॅग्नेशियमचा पेच

धातूंच्या ऑक्साइडांची मुक्त ऊर्जा आणि तापमान यांचा एकत्र आलेख 1944 मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. 1948 मध्ये त्याच्या कडेला ऑक्सिजनच्या दाबाची मोजपट्टी जोडली गेली. एका मोल ऑक्सिजनमागे हिशेब धरला, की ज्याची रेषा खाली तो धातू वरच्या रेषेच्या ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढून घेतो, हे सर्वांना पाठ असते. राजस्थानात जावरला कोळशाने जस्ताची वाफ काढून ती थंड करत, तेव्हा आलेख नव्हताच.

खरा गुंता ‘प्रमाण अवस्था’ या शब्दात आहे. रेषा काढताना प्रत्येक वायूचा दाब एक वातावरण आणि प्रत्येक घन वा द्रव शुद्ध धरलेला असतो. पाठ्यपुस्तके ही अट तळटिपेत ढकलतात, आणि मला ती चूक गंभीर वाटते. कारण 1942 मध्येच कॅनडातल्या ओंटारिओत एक कारखाना सिलिकॉन वापरून मॅग्नेशियम काढू लागला होता, आणि आलेखावर सिलिकॉनची रेषा मॅग्नेशियमच्या वर आहे!

1200 अंश सेल्सिअसला पाहू. तिथे दोन्ही रेषांमध्ये सुमारे 200 किलोज्यूलचे अंतर आहे, तेही सिलिकॉनच्या विरुद्ध. पण कच्चा माल भाजलेला डोलोमाइट असल्याने त्यात मॅग्नेशियम ऑक्साइडबरोबर कळीचा चुना आयताच येतो. तयार होणारी सिलिका त्या चुन्याशी जुळून कॅल्शियम सिलिकेट बनते आणि शंभराहून अधिक किलोज्यूल भरून निघतात. उरलेले काम दाब करतो. मॅग्नेशियम 1100 अंशांच्या थोडे अलीकडेच उकळते, म्हणजे इथे ते वाफच असते. वाफेचा दाब वातावरणाच्या तीन-चार टक्क्यांवर आला की हिशेब बरोबरीला येतो. पंप तो त्याच्याही पुष्कळ खाली नेतो, आणि क्रिया पुढे सरकते.

वाफ नळीच्या थंड टोकाला जाऊन तिथे धातूचे जाड कडे जमते. डोलोमाइट नीट भाजला गेला नसेल, तर त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड वाफेचे पुन्हा ऑक्साइड करतो. कड्यावर धातूऐवजी पांढरी भुकटी दिसली, की दोष भाजणीत किंवा हवेच्या गळतीत शोधायचा.

त्याच युद्धकाळात कॅलिफोर्नियात कोळशाने हेच काम करून पाहिले. खाली उतरणारी कार्बन मोनॉक्साइडची रेषा मॅग्नेशियमला 1850 अंशांच्या आसपास छेदते, त्यामुळे आलेखावर तो मार्ग सरळ दिसतो. मात्र थंड होताना वाफ त्याच मोनॉक्साइडमधून ऑक्सिजन परत घेऊ लागते. ते टाळायला नैसर्गिक वायूचा झोत मारून तिला क्षणात गार करावे लागे, आणि हाती येई ती हवेत पेट घेणारी बारीक पूड. सिलिकॉनच्या मार्गात मागे उरणारे सिलिकेट घन असते, म्हणून वाफेला परत जाण्यासाठी सोबत वायूच नसतो.