आभारात सापडलेलं घरटं

एक प्रबंध डोळ्यांसमोर आणू या. उंच कड्यांवर घरटी बांधणाऱ्या एका दुर्मीळ गरुडाचा अभ्यास आहे. तीन विणीचे हंगाम, 18 घरटी, दर हंगामात प्रत्येक घरट्याला 12 भेटी. प्रबंधाच्या शेवटी डेटा-उपलब्धतेचं निवेदन आहे: ‘पक्ष्यांच्या सुरक्षेसाठी घरट्यांची अचूक ठिकाणं दिलेली नाहीत. उर्वरित डेटा रास्त विनंती केल्यास लेखकाकडून मिळेल.’ आणि सुरुवातीच्या ऋणनिर्देशात हे वाक्य आहे: ‘जुन्या खाणीमागच्या कड्याखाली शेती करणाऱ्या त्या कुटुंबाचे आभार. सात नंबरच्या घरट्यावर आम्ही तीन वर्षं त्यांच्याच अंगणातून नजर ठेवली.’

शेवटच्या पानावर जे लपवलं, ते पहिल्याच पानावर सांगून टाकलं आहे. प्रबंध काल्पनिक असला तरी चूक काल्पनिक नाही. ऋणनिर्देश बहुतेक वेळा सगळं लिहून झाल्यावर, सुटकेच्या आनंदात लिहिला जातो. डेटाचं निवेदन एखाद्या नियतकालिकाच्या ठरावीक मजकुरावरून उचललेलं असतं. दोन्ही शेजारी ठेवून कुणी वाचत नाही. परीक्षक तर, माझा अंदाज, दोन्ही ओलांडून थेट पद्धतींच्या प्रकरणावर जातात.

ठिकाण लपवण्याची गरज खरी आहे. गोनियुरोसॉरस लुई या पालीचं वर्णन 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. पाळण्यासाठी विकल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या बाजारात तिला मागणी आली आणि ज्या ठिकाणावरून तिचं वर्णन केलं होतं, तिथून ती बहुधा नाहीशी झाली, असं 2006 मध्ये संशोधकांनी नोंदवलं. 2015 मध्ये दक्षिण चीनमधून याच प्रजातिसमूहातल्या दोन नव्या पालींचं वर्णन झालं, तेव्हा लेखकांनी नेमकं ठिकाण छापलंच नाही.

पण लपवणं हेही एक तंत्र आहे, आणि ते सहज फसतं. आपल्या गरुडाच्या अभ्यासकाने अक्षांश-रेखांश थेट न देता प्रत्येक नोंदीत 5 किलोमीटरपर्यंतचा यादृच्छिक सरकाव मिसळला, असं समजा. एक नोंद पाहिली तर घरटं कुठे आहे ते खरंच कळत नाही. मात्र एकाच घरट्याच्या 36 भेटी म्हणजे 36 नोंदी आहेत, आणि प्रत्येकीत सरकाव वेगळा आहे. त्यांची सरासरी काढली की चुका एकमेकींना खोडतात. एका नोंदीतली चूक साधारण साडेतीन किलोमीटर असेल, तर 36 नोंदींच्या सरासरीतली चूक तिच्या सहाव्या हिश्श्यावर येते, कारण 36 चं वर्गमूळ 6. म्हणजे जेमतेम 600 मीटर. एवढ्या टापूत कडा एखादाच असतो. शाळेतलं गणित येणाऱ्या कुणालाही हे जमेल.

म्हणून सरकाव नोंदीला नव्हे, घरट्याला द्यायचा आणि तो एकदाच ठरवायचा. त्याहून सोपं म्हणजे अक्षांश-रेखांश एका दशांश स्थळापर्यंतच ठेवायचे. अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा असतो, तेव्हा 0.1 अंश म्हणजे सुमारे 11 किलोमीटरचा चौकोन. तरीही बाकीचे रकाने तपासावे लागतात. घरट्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये आणि कड्याचं तोंड कुठल्या दिशेला, हे दोन रकाने उघडे राहिले, तर उंचसखलपणाचा नकाशा उघडून त्या चौकोनातले सगळे कडे चाळता येतात. सापळा-कॅमेऱ्याच्या फोटोफायलीत कधी कधी जीपीएसचे आकडे दडलेले असतात, तेही काढावे लागतात.

अडचण अशी की नेमक्या ठिकाणाशिवाय काही प्रश्नांची उत्तरंच निघत नाहीत. पवनचक्क्यांच्या जवळच्या घरट्यांत पिल्लं कमी जगतात का, हे कुणाला तपासायचं असेल तर त्याला अंतर हवं. मग अंतराचा रकाना द्यावा, असं वाटतं. पण पवनचक्क्या नकाशावर दिसतात. तीन पवनचक्क्यांपासूनची अचूक अंतरं दिली की तीन वर्तुळं एका बिंदूत छेदतात आणि तिथे घरटं असतं. त्यामुळे सर्वांत जवळच्या पवनचक्कीचंच अंतर द्यायचं, तेही गटांत: 1 किलोमीटरच्या आत, 1 ते 3, त्यापुढे. विश्लेषण थोडं बोथट होतं, आणि तसं निवेदनात सांगायला हवं. जैवविविधतेच्या नोंदींसाठी वापरल्या जाणाऱ्या डार्विन कोर या मानकात त्यासाठी रकाने आधीच आहेत: `dataGeneralizations` मध्ये काय ढोबळ केलं ते लिहायचं, `informationWithheld` मध्ये काय राखून ठेवलं ते.

त्याच मानकात `recordedBy` नावाचा एक रकाना आहे: नोंद कुणी केली. इथे ऋणनिर्देश पुन्हा डेटाला येऊन भिडतो. फील्ड असिस्टंटचे आभार ‘ऊन-पावसात साथ दिल्याबद्दल’ मानले जातात. मात्र त्यांच्यापैकी कुणी कुठली नोंद केली, हे डेटातून बऱ्याचदा गायब असतं. ते असायला हवं, आणि त्यामागचं कारण निव्वळ सौजन्य नाही.

एकाच टेकाडावरून दोन सहायक एकाच वेळी, एकमेकांना न सांगता, खालच्या दरीतले पक्षी मोजत आहेत. पहिल्याला 20 दिसले, दुसऱ्याला 15, आणि त्यांतले 12 दोघांनाही दिसले. दुसऱ्याच्या 15 पैकी 12 पहिल्याच्या नजरेत आले, म्हणजे पहिल्याची नजर 80 टक्के पक्षी टिपते. पहिल्याच्या 20 पैकी 12 दुसऱ्याला दिसले, म्हणजे त्याची 60 टक्के. यावरून एकूण पक्ष्यांचा अंदाज 20 गुणिले 15 भागिले 12, अर्थात 25. दोघांनी मिळून 23 पाहिले, दोन दोघांच्याही नजरेतून सुटले. दोघांची निरीक्षणं खरोखर स्वतंत्र असतील तरच हा हिशोब चालतो. एकाने बोट दाखवलं की तो बिघडतो.

आता पहिल्या वर्षी मोजणी पहिल्या सहायकाने एकट्याने केली आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्याने, असं धरा. आकडा 20 वरून 15 वर आला, पंचवीस टक्के घट. पक्षी तेवढेच आहेत, फक्त माणूस बदलला. डेटात निरीक्षकाचा रकाना असेल तर हे पकडता येतं, नसेल तर घट खरी मानली जाते. संशय यावा अशी एक खूण ऋणनिर्देशातच मिळते: आभार मानलेल्या सहायकांची नावं वर्षागणिक वेगळी आणि निष्कर्षांत ‘घट’ असेल, तर निरीक्षकाचा रकाना आधी शोधावा. तिथे खरी नावं हवीतच असं नाही, नि1, नि2 अशा खुणाही पुरतात. नावाने श्रेय हवं की नको, हे त्या-त्या सहायकाला विचारावं. बेकायदा शिकार किंवा खाणकाम चालणाऱ्या भागात संशोधकाबरोबर फिरल्याचं छापून येणं धोक्याचं ठरू शकतं. प्रबंध लिहून संशोधक निघून जातो, सहायक तिथेच राहतो.

परवान्यांची गोष्ट थोडक्यात. ‘संबंधित विभागाचे आभार’ म्हणजे परवाना नव्हे. परवान्याचा क्रमांक, मुदत आणि नेमकी कशाची मुभा होती (नुसतं निरीक्षण, पिल्लाच्या पायात कडी घालणं, की पीस काढून घेणं) हे लिहिलं तर वाचणारा ते डेटातल्या तारखांशी ताडून पाहू शकतो. परवाना 1 एप्रिलपासून आणि कडी घातल्याची पहिली नोंद 24 मार्चची, असं दिसलं तर उत्तर द्यावं लागतं. पिसातून डीएनए काढला असेल तर आणखी एक पदर येतो. 12 ऑक्टोबर 2014 पासून लागू असलेल्या नागोया करारानुसार देश आपल्या जनुकीय संसाधनांच्या वापरावर अटी घालू शकतात. नमुना तिसऱ्याला देण्यावर बंदी असेल तर ‘नमुने मागितल्यास देऊ’ हे वाक्य लेखकाच्या हातातलं नाही, मग ते लिहूही नये.

अनुदान देणाऱ्याचं नाव आणि अनुदानाचा क्रमांक सगळे देतात. पण आपल्या प्रबंधात पहिल्या दोन वर्षांचा खर्च पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपनीने केला असेल, तर प्रश्न निराळे होतात. कुठले कडे पाहायचे ते कुणी ठरवलं? मसुदा त्यांनी आधी वाचला का? आणि त्या दोन वर्षांचा डेटा कुणाच्या मालकीचा? तो कंपनीचा असेल तर ‘डेटा लेखकाकडून मिळेल’ हे वाक्य पहिल्या दिवसापासूनच खोटं आहे.

तसंही त्या वाक्याचं आयुष्य कमीच. 2 ते 22 वर्षं जुन्या 516 शोधनिबंधांच्या लेखकांकडे मूळ डेटा मागून पाहणारा एक अभ्यास 2014 मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त आला. निबंधाचं वय एक वर्षाने वाढलं की डेटा शाबूत असण्या-नसण्याचं गुणोत्तर 17 टक्क्यांनी घसरत होतं. चालू ईमेल पत्ता सापडण्याचं गुणोत्तरही वर्षाला 7 टक्क्यांनी. बदललेली नोकरी, बंद पडलेला विद्यापीठाचा ईमेल, माळ्यावरच्या जुन्या डिस्का. वाईट हेतूची गरजच पडत नाही.

त्यापेक्षा झेनोडोसारख्या सार्वजनिक भांडारात डेटा ठेवून त्याचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक घ्यावा. फक्त घाई नको. झेनोडोवर सुधारित आवृत्ती चढवली तरी आधीची आवृत्ती जागच्या जागी राहते. अचूक ठिकाणांची फाइल चुकून गेली, तर नवी फाइल तिला झाकत नाही.

आपल्या प्रबंधाचं निवेदन मग असं होईल: ‘18 घरट्यांच्या 648 भेटींच्या नोंदी या ओळखक्रमांकावर खुल्या आहेत. ठिकाणं 0.1 अंशापर्यंत ढोबळ केली आहेत, उंची आणि दिशा वगळली आहे, पवनचक्कीचं अंतर तीन गटांत आहे. प्रत्येक नोंदीपुढे निरीक्षकाची खूण आहे. अचूक ठिकाणं परवाना देणाऱ्या विभागाकडे आहेत, मागणी त्यांच्याकडे करावी. पहिल्या दोन वर्षांचा डेटा कंपनीच्या लेखी संमतीने दिला आहे.’

आणि त्या कुटुंबाचं काय? खाण गेली, कडा गेला, अंगण गेलं. आडनाव छापलं तरी शेत सापडतं. छापील ऋणनिर्देशात उरतं ते ‘ज्यांच्या घरातून आम्ही घरट्यांवर नजर ठेवली, त्या सगळ्यांचे आभार’. सात नंबरच्या घरट्याबद्दलचं मूळ वाक्य त्यांना द्यायच्या प्रतीत पेनाने लिहिता येतं.