ब्लँक सेलिंग आणि कंटेनर-जहाजांच्या वेळापत्रकाची अनिश्चितता

जाहीर वेळापत्रकातील एखादी फेरी जहाज कंपनीने रद्द करणे, किंवा फेरी चालू ठेवून वाटेतील एखादे बंदर वगळणे, याला कंटेनर वाहतुकीत ब्लँक सेलिंग म्हणतात. माल पाठवणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम सारखाच असतो, कारण त्या आठवड्यात त्याच्या बंदरातून त्या सेवेचे जहाज सुटत नाही आणि कंटेनर पुढच्या जहाजाची वाट पाहत टर्मिनलवर किंवा कारखान्यात पडून राहतो.

कंटेनर सेवा सहसा साप्ताहिक असते. आशिया आणि उत्तर युरोप यांच्यातील एक फेरा पूर्ण व्हायला सुएझमार्गे साधारण बारा आठवडे लागत असतील, तर दर आठवड्याला ठरलेल्या वारी एक जहाज सुटावे यासाठी बारा जहाजे लागतात. त्यांपैकी एखादे युरोपातील बंदरांच्या गर्दीत अडकून दहा दिवस मागे पडले, तर ते शांघायला आपल्या आठवड्यात परत पोहोचू शकत नाही. मग कंपनी त्याला पुढच्या आठवड्याच्या जागी सरकवते आणि मधला आठवडा रिकामा जातो. दुसरे कारण सरळ व्यापारी आहे. चिनी नववर्षाच्या किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातील सुट्ट्यांमुळे कारखाने बंद असताना अर्धे रिकामे जहाज चालवण्यापेक्षा फेरी रद्द केल्यास इंधन वाचते आणि भाड्याचे दरही टिकतात. 2020 च्या पूर्वार्धात मागणी कोसळली, तेव्हा कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर फेऱ्या रद्द केल्या आणि दर फारसे पडू दिले नाहीत. क्षमता आवरून दर सांभाळता येतात हा अनुभव त्यांनी तेव्हा घेतला, आणि पुढे मागणी मंदावली की हाच उपाय वापरला जाऊ लागला.

वेळापत्रकाची विश्वासार्हता मोजताना सामान्यतः जाहीर दिवसाच्या एक दिवस इकडे-तिकडे पोहोचलेले जहाज वेळेवर धरले जाते. 2019 मध्ये जगभरातील सुमारे तीन चतुर्थांशांहून अधिक जहाजे या कसोटीला उतरत होती. 2022 च्या सुरुवातीला हे प्रमाण जेमतेम 30 टक्क्यांवर आले होते. डिसेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे बहुतेक मोठ्या कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला, प्रत्येक दिशेचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी वाढला आणि 2024 मध्ये हे प्रमाण 50 ते 55 टक्क्यांच्या आसपास रेंगाळले. मात्र या आकड्यात एक पळवाट आहे. जे जहाज आलेच नाही, ते उशिरा आलेल्या जहाजांत मोजले जात नाही. त्यामुळे सरासरी उशीर दोन-तीन दिवसांचा दिसत असला, तरी एखाद्या मालकाच्या वाट्याला आलेला उशीर पूर्ण आठवड्याचा असू शकतो.

राखीव साठा ठरवताना नेमकी हीच गोष्ट निर्णायक ठरते. समजा, चाकणचा एक कारखाना शांघायहून न्हावा शेवामार्गे सुटे भाग आणतो, रोज 200 नग वापरतो आणि दर आठवड्याला 1,400 नगांचा एक कंटेनर मागवतो. शंभरांपैकी 80 कंटेनर वेळेवर, 15 एक आठवडा उशिरा आणि 5 दोन आठवडे उशिरा येतात असे धरू. सरासरी उशीर पावणेदोन दिवसांचा निघतो आणि त्यावर विसंबून तीन-चार दिवसांचा साठा ठेवला, तर एकही चुकलेली फेरी त्यातून निभत नाही. सात दिवसांचा, म्हणजे 1,400 नगांचा साठा शंभरांतील 95 कंटेनरांना पुरतो. दहा दिवसांचा साठाही तितक्यांनाच पुरतो, कारण उशीर आठवड्याच्या टप्प्यांनी येतो आणि वरचे तीन दिवस फक्त बंदरातील किरकोळ खोळंब्यालाच उपयोगी पडतात. उरलेल्या पाचांसाठी चौदा दिवसांचा साठा लागेल. नगाची किंमत 500 रुपये आणि भांडवलाचा खर्च वर्षाला 12 टक्के धरला, तर दर सात दिवसांच्या साठ्यावर वर्षाकाठी 84,000 रुपये जातात. दुसरा आठवडा राखून ठेवायचा, की क्वचित प्रसंगी काही नग विमानाने आणायचे, हा हिशेब याच रकमेशी ताडून करावा लागतो.

दोन आठवड्यांचा उशीर सलग दोन फेऱ्या रद्द झाल्यानेच होतो असे नाही. एक फेरी चुकली की पुढच्या जहाजावर दोन आठवड्यांच्या मालाची गर्दी होते, काही कंटेनर चढत नाहीत आणि त्यांचा रोलओव्हर होतो, म्हणजे ते त्याही पुढच्या जहाजावर ढकलले जातात. शेवटी माल एकदम आला की गोदाम भरते, आणि कंटेनर वेळेत रिकामा करून परत न दिल्यास डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा दररोजचा आकार, सुरू होते. उशिराच्या धास्तीने जास्तीची ऑर्डर दिलेली असेल, तर हा ताण दुप्पट होतो.

म्हणून जाणकार माल पाठवणारे साठ्याआधी बुकिंगकडे पाहतात. माल दोन सेवांमध्ये वाटला आणि एकीचे जहाज मंगळवारी व दुसरीचे शनिवारी सुटत असेल, तर चुकलेला कंटेनर आठवड्याऐवजी चार दिवसांत निघू शकतो. येथे मोठी फसगत होते ती कंपन्यांची नावे वेगळी पाहून. फेब्रुवारी 2025 पासून मार्स्क आणि हापाग-लॉइड जेमिनी या आघाडीत आहेत, ओशन नेटवर्क एक्सप्रेस म्हणजे वन, एचएमएम आणि यांग मिंग प्रीमियर अलायन्समध्ये, तर सीएमए सीजीएम, कॉस्को, एव्हरग्रीन आणि ओओसीएल त्याआधीपासूनच ओशन अलायन्समध्ये आहेत. एकाच आघाडीतील दोन कंपन्यांकडे बुकिंग केले, तर दोन्ही कंटेनर एकाच जहाजावर असू शकतात आणि ते जहाज रद्द झाले की दोन्ही अडकतात. भारताच्या अनेक सेवांवर आघाड्यांबाहेरचे जहाज-वाटपाचे करार असतात, म्हणून तेथे कंपनीऐवजी जहाजाचे नाव ताडून पाहणे अधिक खात्रीचे.

सुरक्षिततेसाठी एकाच कंटेनरची दोन-तीन ठिकाणी बुकिंगे करण्याची प्रथा मात्र सर्वांनाच महागात पडते. न आलेल्या कंटेनरांमुळे जागा रिकाम्या जातात, म्हणून कंपन्या क्षमतेपेक्षा जास्त बुकिंग घेतात, आणि सगळे खरोखरच आले की रोलओव्हर वाढतात. गर्दीच्या काळात काही कंपन्या न आलेल्या बुकिंगवर दंडही लावतात.

फेरी रद्द होण्याची सूचना दोन-चार आठवडे आधी येते, कधी कटऑफच्या, म्हणजे कंटेनर बंदरात पोहोचवण्याच्या शेवटच्या मुदतीच्या, तोंडावर. तोपर्यंत थांबण्याची गरज नसते. वेळापत्रकात त्या आठवड्याच्या जहाजाच्या नावाऐवजी TBA किंवा TBN, म्हणजे जहाज अजून ठरायचे आहे, असे लिहिलेले राहिले, तर ती फेरी डळमळीत समजावी. नाव असेल, तर ते जहाज सध्या कुठे आहे ते जहाज-मागोवा संकेतस्थळावर पाहावे. परतीचा प्रवास चार आठवड्यांचा असताना जहाज तीन आठवडे आधीही युरोपातच असेल, तर ते वेळेवर येणार नाही हे कंपनीने न सांगताही कळते.

साठ्याचा उपाय नाशवंत मालाला लागू पडत नाही. नाशिकची द्राक्षे जानेवारी ते एप्रिल या काळात न्हावा शेवाहून रॉटरडॅमकडे शीतकंटेनरांतून जातात, आणि 2024 च्या हंगामात केपच्या वळशाने त्यांचा प्रवास लांबला, तेव्हा घडांच्या टिकाऊपणातील शिल्लक दिवस समुद्रातच संपू लागले. येथे उरणारी लवचिकता वेलावरची आहे. जहाजाची खात्री होईपर्यंत काढणी काही दिवस पुढे ढकलता येते, पण त्यालाही साखर, मण्यांची ताकद आणि अवकाळी पावसाची मर्यादा आहे. एकदा काढणी, पूर्वशीतकरण आणि पॅकिंग झाले की फेरी रद्द झाल्यावर शीतगृहाचे भाडे द्यावे लागते आणि युरोपातील विक्रीचा ठरलेला आठवडा हुकतो. व्यवहार पतपत्रावर, म्हणजे अटींप्रमाणे कागदपत्रे मिळाल्यास पैसे देण्याच्या बँकेच्या हमीवर, असेल, तर आणखी एक अडचण उभी राहते. त्यातील शेवटची जहाजभरणीची तारीख उलटली, तर बिल ऑफ लेडिंगवरील, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवरील, तारीख जुळत नाही आणि बँक कागदपत्रे नाकारू शकते. म्हणून ही तारीख ठरवतानाच अपेक्षित जहाजानंतर किमान एका फेरीची, म्हणजे सात दिवसांहून थोडी अधिक, मोकळीक खरेदीदाराकडून मागून घेतली जाते.