मॉक इंटरव्ह्यूला येताय? आधी हा एक कॉल वाचा

कॉल सेंटरच्या नोकरीसाठी आमच्या क्लासला येणारे बहुतेकजण 'टेल मी अबाऊट युअरसेल्फ' घोकून येतात, ते ठीकच आहे, पण खरी गोची मॉक कॉलला होते, समोरचा अचानक म्हणतो मी कस्टमर, तुम्ही एजंट, चला बोला. खालच्या दोन मैत्रिणी डीटीएचच्या मराठी प्रोसेसची तयारी करत होत्या (नावं बदललीत).

स्नेहल (कस्टमर): अहो सकाळी रिचार्ज मारलाय, पैसे कटले, टीव्ही अजून बंदच!

वर्षा (एजंट): सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स सर... आपलं, मॅडम. रिचार्ज झाला नसेल.

स्नेहल: नसेल काय? बँकेचा मेसेज आलाय!

वर्षा: ओके, होल्ड करा.

(शांतता. फक्त पंख्याची घरघर. मोजून ३५ सेकंद.)

स्नेहल: हॅलो? आहात का?

वर्षा: हो हो, सिस्टिम स्लो आहे. बॉक्स बंद-चालू करून बघा ना.

स्नेहल: तीनदा केलंय ते!

वर्षा: अगं मग मी काय सांगू आता!

मग दोघी हसल्या. हसून झाल्यावर स्नेहल म्हणाली, "रागावू नकोस, पण 'झाला नसेल' म्हणालीस ना, तिथेच मला वाटलं ही मला खोटं पाडतेय. आणि ते सॉरी तर पाठ केलेलं वाटलं, माझं ऐकलंयस असं वाटलंच नाही."

बरोबर बोलली. आम्ही त्यात एवढंच घालू, की वर्षाने एकही प्रश्न विचारला नाही. रजिस्टर्ड मोबाइल नंबर घ्यायचा, मग विचारायचं की मेसेज फक्त बँकेचा आला का डीटीएच कंपनीचाही, कारण सगळी मेख इथेच आहे. फक्त बँकेचा असेल तर पैसे बहुतेक मधेच अडकलेत, यूपीआय असेल तर १२ आकडी रेफरन्स नंबर घेऊन तक्रार नोंदवायची. दोन्ही आले असतील तर रिचार्ज झालाय पण बॉक्सपर्यंत सिग्नल गेलेला नाही, मग बॉक्स चालू ठेवायला सांगून रिफ्रेश पाठवायचा. ओटीपी किंवा पिन मात्र चुकूनही मागू नका, मॉकमध्येसुद्धा!

आणि तो होल्ड. "मॅडम, तुमचं पेमेंट बघायला मला एक मिनिट लागेल, होल्डवर ठेवू का?" असं विचारायचं, त्यांच्या 'हो'साठी थांबायचं, परत आल्यावर थांबल्याबद्दल थँक्यू म्हणायचं. मिनिटात काम झालं नाही तरी मिनिटाला परत यायचं आणि अजून किती वेळ लागेल ते सांगायचं. वर्षाने होल्ड लावलाच नव्हता, नुसती गप्प बसली, त्याला फ्लोअरवर डेड एअर म्हणतात आणि क्वालिटीवाले त्याचे मार्क कापतात.

मॉकला शक्यतो मित्र किंवा मैत्रीण घेऊन या, आणि घरी केलेल्या एका कॉलचं रेकॉर्डिंग फोनमध्ये आणा, आधी तेच ऐकू.