वास्तुशांतीचं आभारपत्र छापायला देण्याआधी एवढं वाचा

वास्तुशांत झाली, मांडव उतरला, आलेली पाहुणे मंडळी आपापल्या गावी गेली, की आठ-पंधरा दिवसांत घरमालक आमच्या छापखान्यात येतात. हातात बहुतेक वेळा निमंत्रणपत्रिकाच असते आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "हेच जरा बदलून आभाराचं करा, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. दीडशे नग. कधी मिळतील?"

छपाईला एक दिवस पुरतो. तरीही बऱ्याच ग्राहकांची पत्रं हातात पडायला आठवडा लागतो. हा आठवडा छपाईच्या आधी, मजकुरात जातो. तो वाचावा म्हणून हे माहितीपत्रक काउंटरवर ठेवलं आहे.

एकच मजकूर सगळ्यांना चालत नाही

निमंत्रण सगळ्यांना एकच असतं, कारण बोलावणं एकच असतं. आभार मात्र ज्याने जे केलं त्याचे मानायचे असतात. निमंत्रणाचा मजकूर समोर ठेवून आभारपत्र केलं की "आपण सहकुटुंब उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवलीत" हे वाक्य आपोआप येतं. मग प्रूफ घरी जातं, कोणीतरी वडीलधारं माणूस ते वाचतं आणि विचारतं, "अरे, निपाणीची आत्या कुठे आली होती?" मजकूर परत येतो, बदलतो, पुन्हा घरी जातो. आता तो न आलेल्यांना चालतो, पण आलेल्यांना कोरडा वाटतो. तिसऱ्या खेपेला शेजाऱ्यांची आठवण होते. आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ याच एका चुकीपायी जातो.

म्हणून आम्ही काउंटरवर आधी मजकूर मागत नाही, यादी मागतो. काही जणांना ते खटकतं. छापणाऱ्याला आमच्या भाऊबंदांशी काय करायचंय, असंही ऐकून घेतलं आहे. पण आम्हाला नावं नको असतात, फक्त तीन आकडे हवे असतात: शेजारी किती घरं, आलेले नातेवाईक किती घरं, आणि न आलेले पण शुभेच्छा किंवा आहेर पाठवलेले किती घरं. पत्र घराला एक धरायचं, माणसाला एक नाही. निमंत्रणाची वही बहुतेकांकडे असतेच. तिच्यात नावांसमोर 'शे', 'आ' आणि 'न' अशी अक्षरं घातली की अर्ध्या तासात काम होतं.

तीन मजकूर म्हणजे तिप्पट खर्च, ही समजूत जुनी आहे. ऑफसेटवर प्रत्येक मजकुराची प्लेट वेगळी करावी लागे, तेव्हा ते खरं होतं. शंभर-दोनशे पत्रांचं काम आम्ही डिजिटलवर घेतो, तिथे प्लेट नसते. १३ बाय १९ इंचाच्या एका कागदावर ए-सहा आकाराची, म्हणजे पोस्टकार्डाएवढी, आठ कार्डं बसतात. त्यामुळे प्रत्येक गटाचा आकडा आठच्या पटीत दिलात की कागद वाया जात नाही. चौकट, रंग आणि घराचं चित्र तिन्ही गटांना तेच राहतं, बदलतात ती फक्त चार-पाच वाक्यं. त्याचे आम्ही वेगळे पैसे लावत नाही.

एक उदाहरण

पाचगाव रस्त्याला घर बांधलेल्या एका कुटुंबाचं काम सांगतो. मागणी दीडशेची होती. वहीत खुणा केल्यावर शेजारी बत्तीस घरं, आलेले नातेवाईक चौसष्ट आणि न आलेले चोवीस निघाले. एकूण एकशे वीस. तीस पत्रं छापायचीच नव्हती.

शेजाऱ्यांसाठी त्यांनी आधी "उपस्थितीबद्दल आभार" लिहिलं होतं. खरं तर शेजारी नुसते जेवायला आले नव्हते. दोन दिवस गल्लीत मांडव होता, गाड्या त्यांच्या फाटकासमोर लागल्या होत्या आणि एका घराने पाहुण्यांना गच्ची दिली होती. मजकूर असा झाला:

"सप्रेम नमस्कार. वास्तुशांतीच्या दोन दिवसांत मांडवामुळे तुमची वाट अडली, आमच्या पाहुण्यांच्या गाड्या तुमच्या दारात लागल्या, तरी तुम्ही सगळं सांभाळून घेतलंत आणि लागेल ती मदत केलीत. नव्या जागेत आम्हाला पहिल्या दिवसापासून परकं वाटलं नाही, ते तुमच्यामुळे. सवडीने चहाला या."

न आलेल्या नातेवाइकांसाठी 'उपस्थिती' हा शब्द तर नकोच, पण "आपण येऊ शकला नाहीत" हेही ठळकपणे नको, कारण ते तक्रारीसारखं वाचलं जातं. त्यांना हे गेलं:

"सप्रेम नमस्कार. वास्तुशांत तुमच्या आशीर्वादाने नीट पार पडली. त्या दिवशी तुमची आठवण निघाली. तुमच्या शुभेच्छा पोचल्या, आनंद झाला. आता घर लागलं आहे. या बाजूला आलात की मुक्कामालाच या. पत्ता खाली दिला आहे."

पत्ता शेजाऱ्यांच्या पत्रावर लागत नाही, पण लांबच्या नातेवाइकांच्या पत्रावर तो असायलाच हवा. निमंत्रणपत्रिका कार्यक्रम झाल्यावर रद्दीत जाते आणि नवा पत्ता तिच्याबरोबर जातो. पिनकोड, जवळची खूण आणि फोन नंबर यांसाठी आम्ही दोन ओळी राखून ठेवतो.

आहेराचा उल्लेख छापील मजकुरात करू नये, असं आमचं मत आहे. "कृपया आहेर आणू नये" असं पत्रिकेत छापून नंतर सरसकट "भेटवस्तूंबद्दल आभार" छापलं, तर ज्यांनी तुमचा शब्द पाळला ते ओशाळतात. त्याऐवजी खाली दोन ओळी कोऱ्या सोडा आणि ज्याच्याकडून साडी आली, भांडं आलं, त्याला ते हाताने लिहा. हाताने लिहायचं असेल तर आम्हाला आधी सांगा. चकचकीत लॅमिनेशनवर बॉलपेन चालत नाही आणि शाईचं पेन पुसलं जातं. अशा कामाला आम्ही लॅमिनेशन न केलेलं मॅट कार्ड देतो. ते दिसायला साधं असलं तरी लिहायला उत्तम.

सुरुवातीला "श्री. व सौ." छापून घेऊ नका. मधल्या काळात एखाद्या घरातलं माणूस गेलेलं असतं आणि तेच पत्र तिथे पोचतं. "सप्रेम नमस्कार" छापा, नावं पाकिटावर लिहा.

इंग्रजी बाजू कोणासाठी आहे?

हा प्रश्न विचारला की बरेच जण थबकतात आणि म्हणतात, "सगळेच करतात." आपल्या कोल्हापुरात इंग्रजीची गरज खरी आहे, पण ती ठरावीक घरांना. शेजारी गुजराती किंवा मारवाडी कुटुंब असतं, बदलीवर आलेले कन्नडभाषक असतात. हुबळी-धारवाडकडच्या नातेवाइकांची मुलं कन्नड शाळेत शिकलेली असतात. परदेशातल्या भाच्याच्या बायकोला मराठी समजतं, पण वाचता येत नाही. इंग्रजी बाजू या लोकांसाठी आहे, म्हणून ती मराठीचं शब्दशः भाषांतर नसावी. "शोभा वाढवलीत", "ऋणी आहोत", "कृपादृष्टी असावी" यांचं इंग्रजी करायला गेलं की वाक्य अवघडतं आणि वाचणाऱ्याला अर्थ लागत नाही. तीन-चार छोटी वाक्यं पुरतात. पाचगाव रस्त्याच्या शेजाऱ्यांच्या पत्राची इंग्रजी बाजू अशी होती, छापली अर्थातच इंग्रजी अक्षरांत:

"डिअर नेबर्स, थँक यू फॉर जॉइनिंग अस अ‍ॅट अवर हाउसवॉर्मिंग. वुई नो द पंडाल अँड द पार्किंग वेअर नॉट ईझी फॉर यू. थँक यू फॉर युअर पेशन्स अँड युअर हेल्प. प्लीज ड्रॉप इन फॉर टी."

वर "श्री जोतिबा प्रसन्न" असेल तर ते मराठी बाजूलाच ठेवा. चि., सौ., ती. ही विशेषणंही इंग्रजी बाजूला लागत नाहीत. खाली फक्त नावं येऊ द्या. कार्यक्रमाची तारीख द्यायची असेल तर महिना अक्षरात लिहा. ५/४ असं लिहिलं तर आपण पाच एप्रिल समजतो, अमेरिकेतला भाचा मे महिन्याची चार तारीख समजतो.

आता नावांच्या स्पेलिंगबद्दल. इंग्रजी नावं आम्ही आमच्या मनाने टाइप करत नाही, तुम्ही कागदावर लिहून दिलेलीच घेतो. हा आडमुठेपणा नाही. चौगुले हे आडनाव कोणी 'ओ-यू' घालून लिहितं, कोणी 'ए-यू' घालून, आणि एकाच घरात वडील एक आणि पुण्यातला मुलगा दुसरं लिहितो, कारण त्याच्या पासपोर्टवर तसं असतं. आम्ही एक लावलं की पत्र छापून झाल्यावर दुसरा नाराज होतो. आधी घरात विचारून एक ठरवा. दोघांचं वेगळंच ठेवायचं असेल तर तसं लिहून द्या, आम्ही तसंच छापू.

मजकूर पाठवताना आणि प्रूफ बघताना

मजकूर व्हॉट्सअॅपवर टाइप करून पाठवा. हस्तलिखिताचा फोटो पाठवलात तर आम्हाला पुन्हा टाइप करावं लागतं आणि काना-मात्रेच्या चुका तिथेच शिरतात. मोबाइलवरचा मराठी मजकूर आमच्या छपाईच्या फॉन्टमध्ये घेताना कधीकधी जोडाक्षरं फुटतात. विशेषतः 'दुसऱ्या', 'येणाऱ्या' अशा शब्दांतला ऱ्य बिघडतो. आम्ही तपासतोच, पण प्रूफमध्ये तुम्हीही त्या शब्दांवर नजर टाका. घराचा फोटो छापायचा असेल तर तो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला तर त्याचा आकार कमी होतो आणि छपाईत घर धूसर येतं.

प्रूफ आम्ही कागदावरच देतो आणि त्यावर सही घेतो. मोबाइलवर बघून "ओके" कळवणारे ग्राहक मजकूर वाचत नाहीत, चित्र बघतात. मराठी बाजू घरातल्या एकाने मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने ऐकावी. इंग्रजी बाजू ज्यांची नावं तिच्यात आहेत त्यांनीच बघावी. पहिली दोन प्रुफं आम्ही हिशेबात धरत नाही. तिसऱ्यापासून टायपिंगचे पैसे घेतो, कारण एव्हाना बदल आमच्या चुकीमुळे होत नसतात.

लांबच्या नातेवाइकांना पत्र टपालाने जाणार असेल तर वजन लक्षात ठेवा. ए-पाच कागद दुमडून केलेलं ३०० जीएसएमचं कार्ड साधारण साडेनऊ ग्रॅम भरतं. पाकीट धरून ते टपालाच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतं. एक फोटो सोबत घातला तरी बहुतेक वेळा चालतं, पण दोन घातले तर आधी वजन करून बघा. काट्यावर आमच्याकडेही करून मिळेल.

वैशाखात लग्नपत्रिकांची गर्दी असते. त्या महिन्यात वास्तुशांत असेल तर आभारपत्राची चौकट आणि कार्ड निमंत्रणाच्या वेळीच ठरवून ठेवा. मग कार्यक्रमानंतर तीन गटांचे आकडे, तीन मजकूर आणि इंग्रजी नावांचा कागद एवढंच आणा. दुपारी बारापर्यंत दिलंत तर प्रूफ त्याच संध्याकाळी मिळेल, आणि सही झाली की दुसऱ्या दिवशी पाकिटांसह पत्रं तयार असतील. पाकिटांवर पत्ते छापून हवे असतील तर पिनकोडसह यादी द्या, तेही करून देतो.