निळी खूण होईपर्यंतचा वेळ आणि त्यानंतरचा वेळ

ओळख नवी असताना उत्तराची वाट पाहणारा माणूस मेसेज पाठवल्या क्षणापासून वेळ मोजू लागतो, आणि तिथेच दोन निराळे कालावधी एकमेकांत मिसळतात. एक असतो मेसेज उघडला जाईपर्यंतचा आणि दुसरा उघडल्यानंतर उत्तर येईपर्यंतचा. पहिला बहुधा समोरच्याचा दिवस कसा गेला एवढेच सांगतो. मनाविषयी काही कळलेच, तर ते दुसऱ्यातून कळते.

समजा, सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यात काम करणाऱ्या मुलीला एका मुलाने दुपारी 2:10 वाजता व्हॉट्सॲपवर विचारले, "रविवारी सिद्धेश्वर तलावाजवळ भेटायचं का?" लगेच दोन राखाडी खुणा उमटल्या, म्हणजे मेसेज तिच्या फोनपर्यंत पोहोचला; पण कामाच्या वेळेत फोन लॉकरमध्ये होता. खुणा 6:35 ला निळ्या झाल्या आणि 6:50 ला होकार आला. मुलाने सोसले ते चार तास चाळीस मिनिटे, पण तिने उत्तराला घेतली अवघी पंधरा. हा हिशोब त्याला सहज करता आला असता, कारण पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरून 'Info' उघडले की पोहोचल्याची आणि वाचल्याची वेळ स्वतंत्रपणे दिसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी 9:05 चा मेसेज 9:06 ला निळा झाला आणि उत्तर आले दीड वाजता. जीव खरा टांगणीला लागतो तो इथे, कारण आता "पाहिलेच नसेल" ही समजूत उरत नाही. तरीही निळी खूण सांगते ते एवढेच, की ते चॅट तिच्या स्क्रीनवर उघडले गेले. चॅट आधीपासून उघडे असेल तर नवा मेसेज आल्याबरोबर निळा होतो, मग नजर भलतीकडे का असेना. उलट, नोटिफिकेशनमध्येच संपूर्ण मजकूर वाचला तर खूण राखाडीच राहते. म्हणून एका दिवसाच्या निळ्या खुणेवरून दुरावा ठरवणे मला अन्यायाचे वाटते. कामाचे तास वगळूनही वाचल्यानंतरची शांतता वरचेवर लांबत असेल, तर मात्र तिची दखल घ्यावी.

काहींनी निळ्या खुणेची ही सोय बंद ठेवलेली असते. तशी ती बंद केल्यास स्वतःलाही इतरांच्या निळ्या खुणा दिसत नाहीत, म्हणजे त्यात दोघांनाही सारखेच अंधारात राहावे लागते. व्हॉइस मेसेज ऐकल्याची खूण तेवढी लपवता येत नाही. अशा व्यक्तीच्या बाबतीत वरचे दोन कालावधी वेगळे काढता येत नाहीत, आणि राखाडी खुणा न्याहाळण्यापेक्षा "तुझी शिफ्ट किती वाजता सुटते?" असे सरळ विचारलेले बरे.